फ्रीझरमधून थेट कढईत

फ्रोझन फ्रेंच फ्राइजचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली की एक सूचना हमखास सापडते: वितळू देऊ नका, गोठलेलेच तळा. आणि आपल्या घरात कढईपाशी पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला मिळणारी पहिली ताकीद अशी असते की तेलात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नकोस, हात पुसून घे, झारा कोरडा आहे का बघ. बर्फ म्हणजे तर गोठलेलं पाणीच. मग ऐकायचं कोणाचं, पाकिटाचं की आजीचं?

दोघांचंही. फक्त दोघं वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलत असतात. गोठलेल्या फ्राइजच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असतो, पण ते बटाट्याच्या पेशींत, शिजलेल्या स्टार्चमध्ये अडकलेलं असतं. ते वितळतं, वाफ होतं आणि बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर पडतं. तेलात दिसणारा बुडबुड्यांचा खळखळाट तो हाच. दुसरं पाणी पदार्थाच्या आत नसतं. ते त्याच्या अंगावर आणि पाकिटाच्या तळाशी भुरभुरीत बर्फाच्या रूपात बसलेलं असतं. त्याला धरून ठेवणारं काहीच नसल्यामुळे ते एकदम सुटतं. पाव किलो फ्राइजमधल्या दीडशेहून अधिक ग्रॅम पाण्यातलं बरंचसं निमूटपणे निघून जातं आणि चमचाभर मोकळा बर्फ हात भाजून ठेवतो. धोका गारठ्यात नाही, मोकळ्या बर्फात आहे.

हा मोकळा बर्फ येतो कुठून? पाकीट बंद करताना तो बहुतेक नसतोच. फ्रीझरचं दार वारंवार उघडलं, तासभर वीज गेली किंवा दुकानातून घरी आणताना पाकीट उन्हात तापलं की पदार्थाच्या कडांमधला ओलावा बाहेर येतो आणि पुन्हा थंडी मिळाली की पाकिटाच्या आतल्या बाजूला स्फटिक होऊन बसतो. थोडा भुगा प्रत्येक पाकिटात असतो, त्याची चिंता नको. पण फ्राइज एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला असेल, तर पाकीट मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलं आहे. असं पाकीट दुकानातच चाचपून बाजूला ठेवावं. घरच्या फ्रिजचाही प्रश्न असतो. बर्फाच्या कप्प्यावर चांदण्यांची खूण असेल तर ती बघून ठेवा: एक चांदणी म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. फ्रोझन पदार्थ महिनोन्‌महिने ठेवायचे तर तीन चांदण्या हव्यात. एका चांदणीच्या कप्प्यात महिनाभर पडलेल्या पाकिटात फ्राइज कमी आणि बर्फ जास्त, असा प्रकार होतो.

आता तो भुगा तेलात गेल्यावर काय होतं ते बघू. बर्फ पाण्यावर तरंगतो हे आपण शाळेत शिकलो, त्यामुळे तो तेलावरही तरंगेल असं वाटतं. तसं होत नाही. तेल तापलं की फुगून हलकं होतं, आणि 180 अंशांच्या तेलापेक्षा बर्फ जड ठरतो. खडा बुडतो, खाली जाता जाता वितळतो आणि त्याचा पाण्याचा थेंब चारी बाजूंनी गरम तेलाने वेढला जातो. गुळगुळीत तेलात थेंबाला उकळी फुटायला आधार मिळत नाही, म्हणून तो 100 अंशांच्या पुढेही काही क्षण पाणीच राहू शकतो. मग एकाएकी त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,700 पट जागा मागते. एक ग्रॅम बर्फाची पावणेदोन लिटरच्या आसपास वाफ होते, आणि ती तेलाच्या पोटातून वर येताना डोक्यावरचं तेल सोबत उडवते.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे मधली शांतता. ओला झारा तेलात बुडवला तर तो लगेच तडतडतो आणि आपण हात मागे घेतो. बर्फाला आधी वितळावं लागतं, त्यामुळे टाकल्याबरोबर काहीच होत नाही. आपण निर्धास्त होऊन वाकून बघतो आणि तेवढ्यात तेल उडतं. फ्रोझन पदार्थ तळताना चेहऱ्याला भाजण्याचं एक कारण हेच. पहिलं अर्धं मिनिट कढईवर वाकायचं नाही, एवढा नियम पाळला तरी बरंच काही टळतं.

मग सगळं वितळवून, पुसून, कोरडं करूनच का तळू नये? फ्राइजच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. कारखान्यात बटाट्याच्या सळ्या गरम पाण्यात किंचित शिजवतात, वाळवतात, थोडा वेळ तेलातून काढतात आणि मग झपाट्याने गोठवतात. म्हणजे पाकिटातल्या फ्राइजवर पातळ कवच आधीच तयार असतं. ते वितळू दिलं की आतलं पाणी कवचात झिरपतं, सळी लिबलिबीत होते, उचलताना मोडते आणि कढईत एकमेकींना चिकटते. ब्रेडचा चुरा लावलेल्या कटलेटचंही तसंच. चुरा ओला झाला की तो तेलात सुटतो, तळाशी जाऊन जळतो आणि सगळं तेल काळं करतो. गोठलेल्या अवस्थेत मात्र कवच आणि चुरा जागच्या जागी राहतात, तेलाशी भेट झाल्याबरोबर घट्ट होतात. पाकिटावरची सूचना म्हणूनच लिहिलेली असते.

पण त्या सूचनेची किंमत तेलाला मोजावी लागते, आणि तळण बिघडतं ते बहुतेक इथे. बर्फाला शून्य अंशांवरच, तापमान जराही न वाढता, नुसतं वितळायला इतकी उष्णता लागते की तेवढ्यात त्याच वजनाचं पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. ही सगळी उष्णता कढईतल्या तेलातून जाते.

एक साधा हिशोब करून पाहू. कढईत एक लिटर तेल आहे, तापून 180 अंशांवर आलेलं. हे तेल एका अंशाने उतरलं की साधारण दोन किलोज्यूल उष्णता देतं. आता त्यात पाव किलो फ्राइज एकदम सोडले. त्यांत 165 ग्रॅमच्या आसपास बर्फ. तो उणे 18 पासून शून्यावर आणून वितळवायला साठेक किलोज्यूल लागतात. म्हणजे पदार्थ अजून थंडगारच आहे, काहीही शिजलेलं नाही, आणि तेलाच्या खिशातून 30 अंश गेले. पुढे तेच पाणी उकळीपर्यंत तापवायला जवळपास तेवढीच उष्णता आणखी लागते, आणि त्याची वाफ करायला तर त्याहून कितीतरी जास्त. खालून गॅस उष्णता देत असतो, पण घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरमधून कढईतल्या तेलापर्यंत पोचते ती सेकंदाला साधारण एक ते दीड किलोज्यूल. नुसतं बर्फ वितळण्याचं नुकसान भरून काढायला गॅसला जवळपास मिनिटभर झटावं लागतं, आणि फ्राइज तळायची एकूण वेळच तीनेक मिनिटांची. त्यामुळे तेल 130-140 अंशांपर्यंत घसरतं आणि घाणा संपेपर्यंत पुरतं सावरत नाही.

तेच फ्राइज शंभर ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर टाकले, तर वितळण्यापायी बाराएक अंशच जातात. तेल 160 च्या आसपास रेंगाळतं आणि मिनिटा-दीड मिनिटात परत चढतं. गणित कच्चं आहे, कारण कढईची जाडी, आच, वारा यांनी आकडे इकडेतिकडे होतील. पण एका लिटरला शंभर ग्रॅम हे प्रमाण घरच्या शेगडीवर चालतं. हॉटेलातल्या तळणयंत्रात पंधरा-वीस लिटर तेल आणि जबरदस्त आच असते, त्यामुळे तिथली जाळीभर फ्राइज पाहून घरी तसा घाणा काढायला जाऊ नये.

घसरलेल्या तेलात पदार्थ तेलकट होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कारण मात्र थोडं वेगळं आहे. खळखळून वाफ बाहेर येत असताना तेलाला आत शिरायला वाव नसतो. बहुतेक तेल आत जातं ते पदार्थ कढईबाहेर काढल्यानंतर: तो निवू लागतो, आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. कमी तापलेल्या तेलात कवच नीट बनत नाही, पृष्ठभाग ओला आणि खडबडीत राहतो, तळायला वेळ जास्त लागतो आणि निवत चाललेलं दाट तेल अंगावर जाड थराने चिकटून बाहेर येतं. म्हणून तळण काढल्या काढल्या झाऱ्यातच दोन-चार झटके देऊन निथळायचं आणि मग जाळीवर पसरायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे निथळलं ते निथळलं. ताटातल्या कागदावर ढीग करून ठेवलं की खालचे फ्राइज वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात.

तेल तापलं का हे थर्मामीटरशिवाय बघायचं तर ब्रेडचा छोटा तुकडा किंवा पिठाची गोळी टाका. तुकडा लगेच वर येऊन मिनिटभरात सोनेरी झाला तर ठीक. पाण्याचा शिंतोडा मारून बघण्याची सवय काहींना असते, ती सोडलेली बरी. धूर येईपर्यंत तापवणंही चूक, आणि इथे तेल कोणतं हा मुद्दा येतो. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान तेल 220 अंशांच्याही पुढे धूर धरतं, पण लाकडी घाण्याचं गाळीव शेंगदाणा तेल 160 च्या आसपासच धुरावू लागतं. फोडणीला ते कितीही चविष्ट असो, फ्राइजच्या तळणाला ते वापरू नये असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष कृती. कढईत तेल निम्म्याच्या खालीच असावं, एक तृतीयांश उत्तम. वाफेने फेस चढतो, आणि वरची रिकामी जागा त्याच्यासाठीच असते. आपल्या पसरट कढईला ही जागा आयती मिळते, पण गोल बुडाची कढई शेगडीवर डुगडुगते, तेव्हा ती आधी नीट बसवून घ्या. तेल तापत असताना पाकीट उघडा, पण त्यातून थेट कढईत ओतू नका. पाकिटातला सगळा बर्फाचा भुगा तळाशी जमलेला असतो आणि शेवटच्या ओतीत तो सगळा एकदम कढईत जातो. शेवटच्या मूठभर फ्राइजनीच तेल का उसळतं, त्याचं उत्तर हे. त्याऐवजी लागतील तेवढे तुकडे कोरड्या चाळणीत काढा, बेसिनवर चार-पाचदा हलवा. भुगा खाली गळतो. एखाद्या तुकड्याला बर्फाचा खडा चिकटलेला असेल तर तो बोटाने मोडून काढा. हे सगळं मिनिटभरात उरकायचं, रेंगाळलं तर तुकडे घामेजतात. उरलेलं पाकीट लगेच फ्रीझरमध्ये.

चाळलेले तुकडे झाऱ्यात घेऊन कढईच्या कडेने हळूच तेलात उतरवा आणि झारा क्षणभर तिथेच ठेवा. फेस किती चढतो ते दिसतं, फार चढला तर झारा वर उचलता येतो. वरून सोडलेल्या तुकड्याला हा परतीचा रस्ता नसतो. पदार्थ आत गेल्याबरोबर आच मोठी करा, कारण तेलाला मदतीची गरज तेव्हाच असते. मग कढई काय सांगते ते ऐका. बुडबुडे भरभरून, आवाज सलग, तर तेल टिकून आहे. पहिला जोर ओसरून बुडबुडे आळसावले आणि फ्राइज पांढरेच राहिले, तर घाणा मोठा झाला. शेवटी मात्र बुडबुडे कमी होणं चांगलं लक्षण असतं, तेव्हा रंग बघून काढायचं. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्या, घाई इथेच नडते.

फ्राइज बोटाएवढे बारीक असतात म्हणून हे जमतं. पदार्थ जाड झाला की चित्र बदलतं. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ साधारण चौपट. एक सेंटीमीटरची फ्राय तीन मिनिटांत होते, तर दोन सेंटीमीटरचं कटलेट त्याच आचेवर आतपर्यंत गरम होण्याआधी वरून करपेल. अशा पदार्थाला 160-165 अंशांचं तेल, मध्यम आच आणि जास्त वेळ द्यावा, रंग शेवटी आच वाढवून आणावा. मधोमध सुरी खुपसून दहा सेकंद ठेवावी आणि तिचं पातं मनगटाला लावून बघावं. थंड लागलं तर आत बर्फ आहे.

घरी गोठवलेल्या पदार्थांना हाच निकष लावा. कोथिंबीर वडी वाफवून, कापून, ताटात सुटी सुटी गोठवून मग डब्यात भरली असेल तर ती थेट तळायला उत्तम, कारण ती पातळ आहे आणि आतून शिजलेलीच आहे. कच्चा साबुदाणा वडा गोठवून थेट तळायला मात्र जाऊ नये. ताजा वडाही कधी कधी तेलात फुटतो. गोठलेल्याचं बाहेरचं कवच आधी घट्ट होतं, आतला बर्फ नंतर वितळून वाफ होतो, आणि त्या वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. गोठवायचेच तर वडे आधी फिकट तळून घ्या. गोठलेली सुरमई किंवा कोळंबीही थेट कढईत टाकू नका. बाजारातल्या फ्रोझन मासळीवर ती सुकू नये म्हणून मुद्दाम बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, म्हणजे अंगभर मोकळं पाणीच. ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवावी, कोरडी टिपावी, मग तिला मीठमसाला आणि रवा.

चिकनच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ब्रेडचा चुरा लावलेले काही पदार्थ कारखान्यात वरवर तळलेले असतात, बाहेरून सोनेरी दिसतात आणि आतून पूर्ण कच्चे असतात. पाकिटावर पूर्ण शिजवलेलं लिहिलंय की शिजवून खा म्हटलंय, हे आधी वाचा. कच्च्या चिकनच्या मधोमध 74 अंश गाठले गेले पाहिजेत, आणि इथे सुरी-मनगटाची युक्ती पुरेशी नाही, स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो. त्या पाकिटाचा बर्फसुद्धा कच्च्या चिकनचाच समजावा. चाळणी, बेसिन, हात साबणाने धुवायचे.

जाडी आणि बर्फ दोन्ही टोकाला गेले की काय होतं ते अमेरिकेत दर नोव्हेंबरात दिसतं. थँक्सगिव्हिंगला अंगणात गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं ठेवून अख्खा टर्की तेलात तळण्याची तिथे हौस आहे. पुरता न वितळलेला टर्की तेलात गेला की पोटातला बर्फ वाफ होतो, तेल उसळून पातेल्याबाहेर येतं, ज्योतीवर पडतं आणि आगीचा लोळ उठतो. तिथला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग हे प्रात्यक्षिक वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर मुद्दाम करून दाखवत आला आहे. आपल्या कढईत एवढं घडत नाही, पण क्रम तोच: फेस, उतू जाणं, ज्योत.

म्हणून फेस काठाशी येताना दिसला तर फुंकर नको, पदार्थ काढायची धडपड नको, आधी गॅस बंद. तेल पेटलंच तर गॅस बंद करून कढईवर कोरडं, घट्ट बसणारं झाकण सरकवा आणि ते निवेपर्यंत उघडू नका. पाणी ओतायचं नाही आणि पेटती कढई उचलून बाहेर न्यायची नाही. झाकण तळायला घेण्याआधीच हाताशी ठेवलेलं असावं, पेटल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

हातावर तेल उडालं तर अंगठी-बांगडी लगेच काढा आणि भाजलेला भाग नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वीस मिनिटं फार वाटतात, पण त्वचेच्या आतली उष्णता तेवढा वेळ घेते. फ्रीझर शेजारीच उघडा असला तरी बर्फ चोळायचा नाही, त्याने त्वचेला दुसरी इजा होते. हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काही लावायचं नाही. फोड तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ, सांध्यावर भाजलं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जावं.